आधी पेंड्या मोजा, मग जनावरं

प्रश्न: आमचं गाव अथणी तालुक्यात, मदभावी-अनंतपूरच्या बाजूला. खरीप गेलं, आता शाळूही गुडघ्याएवढा होऊन वाळायला लागलाय. दावणीला तीन म्हशी आहेत: एक दोन महिन्यांपूर्वी व्यालेली, एक पाच महिन्यांची गाभण, एक म्हातारी, आटत आलेली आणि दोनदा उलटलेली. शिवाय दहा लिटर देणारी, चार महिन्यांची गाभण एचएफ गाय, तिची चौदा महिन्यांची कालवड, खिलार बैलजोडी, एक रेडकू आणि आठ शेळ्या. कडबा २,४०० पेंड्या आणि थोडं तुरीचं भुसकट आहे. बोअर संक्रांतीपर्यंत चालेल. वडील म्हणतात काही विकायचं नाही, मृगापर्यंत कसंही काढू. काय ठेवावं, काय विकावं, काय हलवावं?

उत्तर:

वडिलांचा मृगाचा हिशेब इथं लागू पडत नाही, आणि तुमचा सगळा निर्णय त्या एका तारखेवर अवलंबून आहे. मृगाचा पाऊस वेळेवर झाला तरी त्या दिवशी दावणीत काही पडत नाही. मका किंवा कडवळ पेरून कापायला यायला पन्नास-साठ दिवस लागतात. बांधावरचं गवत जनावराचं पोट भरेल एवढं व्हायला महिना जातो. त्यात तुमचा पट्टा मुळात परतीच्या पावसाचा. खानापूर-चंदगडला जूनमध्ये ओढे वाहत असतात तेव्हा अथणीच्या उत्तरेला आणि पूर्वेला नुसतं आभाळ येऊन जातं. म्हणून वैरणीचा हिशेब ऑगस्टअखेरपर्यंत धरायचा. नोव्हेंबरच्या एक तारखेपासून मोजलं तर ते ३०० दिवस होतात.

आता गंजीकडे या. पेंड्यांच्या आकड्यावर जाऊ नका. गंजीच्या वेगवेगळ्या बाजूंच्या दहा पेंड्या काढून तराजूवर घाला. माणूस बदलला, सुंभ बदललं की पेंडी बदलते. मी सव्वा किलोचीही पाहिली आहे आणि अडीच किलोचीही. तुमची दीड किलोची धरू. २,४०० पेंड्या म्हणजे ३,६०० किलो. उंदीर, वाळवी, तळाचा भिजलेला थर आणि दावणीत राहणारी बुडखी मिळून दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त जातं. हाती ३,२०० किलो राहतो. भुसकट ५०० किलो धरलं तर एकूण ३,७०० किलो कोरडी वैरण.

खाणारी तोंडं मोजू. हा दुष्काळातला, कुट्टी करून घालायचा हिशेब आहे, पोटभर सुगीचा नाही. दुभत्या म्हशीला रोज ९ किलो, बाकीच्या दोन म्हशींना प्रत्येकी ८, गाईला ९, कालवडीला ५, बैलांना प्रत्येकी ७, रेडकाला ३. शेळ्या बाहेर पालापाचोळा खाऊन येतात, त्यांना अर्धा-अर्धा किलो, म्हणजे आठांना मिळून ४. बेरीज ६० किलो रोज. तीनशे दिवसांना १८ टन लागतात आणि तुमच्याकडे पावणेचार टनही नाही. सगळी जनावरं ठेवली तर डिसेंबर संपता संपता गंजीची जागा मोकळी दिसेल. तुटीचे चौदा टन तुम्ही विकत घेणार जानेवारीपासून, म्हणजे ज्या महिन्यात सगळा अथणी आणि शेजारचा जत तालुका कडबा शोधत फिरत असतो.

वडिलांशी बोलताना टनात बोलू नका, पेंड्यांत बोला. म्हातारी म्हैस ऑगस्टअखेरपर्यंत २,४०० किलो खाईल, म्हणजे १,६०० पेंड्या. रेडकू ९०० किलो, म्हणजे ६०० पेंड्या. ही दोनच जनावरं मिळून तुमची गंजी जवळजवळ संपवतात, आणि शेवटी हाती काय? म्हैस दूध देत नाही, गाभण राहत नाही, आणि रेडकाला कामाची बाजारपेठ नाही. म्हणून ही दोन आधी, याच पंधरवड्यात बाजाराला. आणखी एक वेत बघू, असं तिच्याबाबतीत म्हणू नका. दोनदा उलटलेली म्हातारी म्हैस चारा तुटीच्या वर्षी तिसऱ्यांदा धरेल याची शक्यता फार कमी. अंगावर मांस नसेल तर माजच दाखवणार नाही.

याच पंधरवड्यात का, तेही सांगतो. दुष्काळात दोन भाव उलट्या दिशेनं चालतात. कडबा चढतो आणि जनावर उतरतं. शिवाय जनावर स्वतःही उतरतं. आज तुमच्या म्हशीच्या माकडहाडाच्या कडेला हात लावला तर बोटांना मांस लागत असेल. फेब्रुवारीत तिथं शेपटीच्या बुडाशी दोन खळगे पडलेले दिसतील. व्यापारी तिथंच हात घालतो. एकदा ते खळगे पडले की तो सांगेल तो भाव. म्हणजे तीन महिन्यांची वैरण घालून तुम्ही जनावराची किंमत कमी करता.

गाय आणि म्हैस यांत आपल्याकडे एक मोठा फरक आहे, तो हिशेबात धरावाच लागतो. कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यानं, जो २०२१ पासून लागू आहे, गाय, वासरू, वळू, बैल यांच्या कत्तलीला पूर्ण बंदी आहे, आणि म्हशीलाही तेरा वर्षांच्या आत. महाराष्ट्रात २०१५ पासून गोवंशाला बंदी आहे. कायद्याबद्दल कोणाचं मत काही असो, गोठ्यावर त्याचा परिणाम असा की भाकड गाईला आणि थकलेल्या बैलाला दुसरा शेतकरी सोडून गिऱ्हाईक नाही, आणि दुष्काळात दुसऱ्या शेतकऱ्याचीही दावण रिकामीच असते. म्हशीची विक्री उशिरा केली तर तोटा होतो, गाईची उशिरा केली तर विक्रीच होत नाही. म्हणून गाय विकायची असेल तर ती दूध देतेय किंवा पोटात वासरू दिसतंय तोपर्यंतच.

शेळ्यांचं फार डोकं लावू नका. खातात थोडं, आणि त्यांचा बाजार कधी बंद पडत नाही. चार तरण्या, जुळी देणाऱ्या पाठी-शेळ्या ठेवा. बाकीच्या आणि बोकड असेल तर तो, पेंड घ्यायला पैसे लागतील तसे एक-एक काढा. बाभळीच्या शेंगा आणि शेवरीचा पाला यावर त्या उन्हाळा काढतात.

आता बैल. इथं घराघरात भांडणं होतात, त्यामुळं जपून लिहितो. जोडी ३०० दिवसांत ४,२०० किलो खाते, म्हणजे २,८०० पेंड्या, तुमच्या सगळ्या गंजीहून जास्त. शाळू गेला म्हणजे पुढच्या पेरणीपर्यंत त्यांना काम नाही. एक वाट विकायची. खिलाराला अजून मागणी आहे. पौषात खरसुंडीला खिलारांचा मोठा बाजार भरतो, आणि जोडी तरणी असेल तर शर्यतीवाले चांगला भाव देतात. वडिलांचा जीव त्यात अडकला असेल तर दुसरी वाट नदीकाठची. उगार, शेडबाळ, ऐनापूर, कुडची या कृष्णाकाठच्या गावांत उसाच्या आंतरमशागतीला, भरणीला अजून बैल लागतात. खाण्यावर काम, या बोलीनं जोडी पावसाळ्यापर्यंत देता येते. त्यांचं पोट भरतं, तुमची वैरण वाचते. ऊस वाहतुकीच्या गाडीला मात्र जोडी देऊ नका. वाढी भरपूर मिळतात हे खरं, पण गाडीवर किती टन चढतं ते तुम्ही रस्त्यावर पाहतच असाल. परक्या गाडीवानाच्या हाती दिलेली जोडी मार्चमध्ये खांदे सुजलेली आणि खुरं झिजलेली परत येते. घरचा माणूस गाडीवर असेल तर गोष्ट वेगळी.

कालवड विकू नका, हलवा. चौदा महिन्यांची, अजून न भरवलेली कालवड दुष्काळात मातीमोलानं जाते, आणि तीच दोन वर्षांनी तुमचा गोठा उभा करणार असते. पण तिला कमी खाण्यावर घरी ठेवलं तर वाढ खुंटते, माज लांबतो, आणि मग ती उरलेल्या आयुष्यात मागेच राहते. तिला अर्धलीनं द्या.

कुठं द्यायची, यात लोक हमखास चुकतात. पाहुणे जत किंवा कवठेमहांकाळला आहेत म्हणून तिकडं नेतात. अहो, तो पट्टा आणि तुमचा पट्टा एकाच ढगाखाली आहे! तुमच्याकडं पाऊस नाही तर तिकडंही नाही, आणि तीन महिन्यांनी पाहुण्याचा फोन येतो, जनावर घेऊन जा म्हणून. हलवायचं तर जिथलं पाणी वेगळ्या पावसावर आहे तिथं. कृष्णेला पाणी महाबळेश्वर-कोयनेकडचं, दूधगंगा-वेदगंगेला घाटावरचं. म्हणून चिकोडी-निपाणीचा किंवा रायबाग-कागवाडचा नदीकाठ बरा. खानापूरच्या जंगलपट्ट्यात चारा आहे, पण कोरड्या हवेतल्या संकरित कालवडीला तिथली गोचीड आणि भातखाचरांतलं पाणी सोसत नाही. गोचीडताप आणि पोटात चापट कृमी या दोन दुखण्यांनी तिकडं नेलेली संकरित जनावरं जातात. देशी गाय, म्हैस तिथं तग धरते. तरी परत आणल्यावर शेण तपासून जंताचं औषध द्यावं लागतं.

हलवण्याआधी किमान तीन आठवडे लाळ्या-खुरकूत, घटसर्प-फऱ्या आणि लंपीची लस झालेली असावी. लस टोचून दुसऱ्या दिवशी गाडीत घातलं तर तिचा उपयोग होत नाही, शरीराला ताकद धरायला तेवढे दिवस लागतात. कानात बिल्ला असावा. तालुक्याबाहेर, आणि सरहद्दीपलीकडं तर नक्कीच, जाताना पशुवैद्याचा दाखला, मालकीचा पुरावा आणि वाहतुकीची कागदपत्रं गाडीत पाहिजेत. नाहीतर नाक्यावर जनावर दिवसभर उन्हात उभं राहतं आणि पुढची कटकट वेगळी. अर्धलीची बोली साध्या कागदावर दोन साक्षीदारांसमोर लिहा: आजची किंमत काय धरली, रेतनाचा आणि औषधाचा खर्च कोणाचा, पहिलं वासरू कोणाचं, मेली तर काय. तोंडी बोली पाहुण्यांतच जास्त बिनसते.

आता दावणीला उरले कोण? दुभती म्हैस, गाभण म्हैस, गाय आणि चार शेळ्या. रोजची वैरण ९ अधिक ८ अधिक ९ अधिक २, म्हणजे २८ किलो. साठावरून अठ्ठावीसवर आलो. ३०० दिवसांना ८,४०० किलो. हे जमण्यासारखं आहे.

त्याचे दोन भाग करा. नोव्हेंबर ते मार्च कारखाने चालू असतात, म्हणजे वाढी मिळतात. एप्रिल ते ऑगस्ट काहीच मिळत नाही. जनावरं मरतात ती या दुसऱ्या भागात, पण त्याची सोय पहिल्या भागातच करावी लागते. शिवाय दुष्काळी साली ऊस कमी असल्यानं पट्टा लवकर पडतो, हे ध्यानात ठेवा.

पहिल्या दीडशे दिवसांत निम्मी वैरण वाढ्यांवर काढायची. मोठ्या जनावराला रोज १५ किलो ओली वाढी. त्यात पाणीच फार. १५ किलोतून साडेचार किलो कोरडी वैरण मिळते. तिघांना मिळून रोज ४५ किलो, पाच महिन्यांत पावणेसात-सात टन वाढी. त्यातून जवळपास २,१०० किलो कोरडी वैरण निघते आणि तेवढाच कडबा लागतो. म्हणजे एक एप्रिलला तुमच्याकडं १,६०० किलो शिल्लक. पुढच्या दीडशे दिवसांना लागतात ४,२००. तूट २,६०० किलो. चौदा टनांची तूट अडीच टनांवर आली. ती आजपासून भरायची आहे.

फुकट मिळतात म्हणून वाढी मात्र वाट्टेल तेवढी घालू नका. वाढ्यांत ऑक्झलेट असतं, ते पोटातल्या कॅल्शियमला धरून बसतं. महिनाभर नुसत्या वाढ्यांवर असलेली म्हैस आधी शेण पातळ टाकते, मग दूध उतरतं, उठताना मागचे पाय जड टाकते, आणि व्याल्यावर बसते ती उठत नाही. तुमच्या दोन गाभण जनावरांच्या बाबतीत हा धोका खरा आहे. सकाळी आधी थोडा कोरडा कडबा, मग कुट्टी केलेली वाढी, आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण व थोडं मीठ. पिण्याच्या पाण्यात चुन्याची निवळीही घालता येते. निवळी म्हणजे वरचं स्वच्छ पाणी, तळाचा चुना नव्हे.

तुटीचे अडीच टन तीन ठिकाणांहून येतील. पहिलं, वाढ्यांचाच मुरघास. जानेवारी-फेब्रुवारीत तोड जोरात असते तेव्हा जास्तीची वाढी आणा, इंचभर कुट्टी करा, मुरघासाच्या जाड पिशवीत थरथर पायांनी दाबून भरा आणि तोंड घट्ट बांधा. दीड महिन्यानं तयार. वाढ्यांत साखर असल्यानं तो चांगला आंबतो. उघडल्यावर पिवळसर-हिरवा रंग आणि आंबूस गोड वास आला पाहिजे. काळपट, चिकट किंवा बुरशीचा ढेकूळ निघाला तर तेवढा भाग फेकून द्यायचा, गाभण जनावराला तर मुळीच नाही. बुरशी येते ती बहुतेक वेळा पिशवीला उंदरानं पाडलेल्या छिद्रामुळं, म्हणून पिशव्या मोकळ्यावर ठेवू नका. दुसरं ठिकाण खानापूर-बेळगावकडचं भाताचं पिंजर. मळणी दिवाळीच्या पुढं-मागं होते आणि तेव्हा ते सर्वांत स्वस्त असतं. दोघं-तिघं मिळून एक ट्रक आणा, भाडं वाटून घ्या. तिसरं सोयाबीन आणि हरभऱ्याचं भुसकट, मिळेल तिथून. ते कडब्याहून जास्त सत्त्वाचं असतं, फक्त धूळ झटकून घाला. दुष्काळ वाढला की प्रशासन कधी कधी चारा बाहेर न्यायला बंदी घालतं, त्यामुळं महाराष्ट्रातून आणू म्हणून फेब्रुवारीपर्यंत थांबू नका.

पिंजर तसंच घातलं तर जनावर खातं, पोट गच्च दिसतं आणि तरीही वाळतं. कारण पोटातले जंतू वैरण पचवतात, त्यांना नत्र लागतं आणि पिंजरात ते जवळजवळ नाही. हे ओळखायची जागा म्हणजे शेण. चांगलं चाललेल्या म्हशीचं शेण जमिनीवर पडताना गोल पसरतं आणि मधे किंचित खळगा राहतो. प्रथिनं कमी पडली की ते कोरडं, उंच, एकावर एक रचलेल्या गोळ्यांसारखं पडतं, आणि फोडलं तर आत काडीची लांब तुसं तशीच दिसतात. असं शेण दिसलं की लोक कडब्याची पेंडी वाढवतात. तिथं पेंडी वाढवून काही होत नाही; एक किलो सरकी पेंड सुरू केली की तीच वैरण जास्त अंगी लागते. उन्हाळ्यात पैसे कमी असतील तर वैरणीतले थोडे कमी करून पेंडीकडे वळवा, उलटं करू नका.

पिंजरावर युरियाची प्रक्रियाही करता येते. १०० किलो पिंजराला ४ किलो युरिया, ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. थर अंथरायचा, झारीनं सारखं शिंपडायचं, तुडवायचं, पुन्हा थर. वरून प्लास्टिक घालून कडा मातीनं बुजवायच्या आणि २१ दिवस हात लावायचा नाही. काढताना आदल्या संध्याकाळी लागेल तेवढं पसरून ठेवा म्हणजे डोळ्यांना झोंबणारा वास उडून जातो. पहिल्या दिवशी मूठ-दोन मूठ, आठवड्यात पूर्ण. सहा महिन्यांखालच्या वासराला द्यायचं नाही. आणि युरियाचं पाणी ज्या बादलीत कालवता ती गोठ्यात उघडी ठेवायची नाही. तहानलेली म्हैस त्यात तोंड घालते आणि डॉक्टर यायच्या आत मरते. कडब्यावर ही खटपट करू नका, तो मुळात बरा असतो.

तुम्ही शाळू गुडघ्याएवढा वाळतोय असं लिहिलंय, ते वाचून काळजी वाटली. त्यात जनावरं सोडू नका. पाण्याच्या ताणात खुंटलेल्या कोवळ्या ज्वारीत विष साठतं. तिच्यानं जनावराला किराळ लागतं. खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत थरथर, तोंडाला फेस, धाप, आणि जनावर कोसळतं. त्यावर शिरेतून द्यायची औषधं आहेत, पण डॉक्टर ताबडतोब पोचला तरच. मधेच एखादी सर आली आणि बुडख्यातून नवे फुटवे निघाले तर ते सर्वांत वाईट. शाळू कापा, कडक उन्हात पातळ पसरून चांगला खडखडीत वाळवा, आणि मग आधी पोटात कडबा पडलेल्या जनावराला थोडा थोडा मिसळून द्या. उपाशी जनावराला कधीच नाही.

ठेवलेल्या तिघांपैकी गाय काठावरची आहे. ती एप्रिलच्या मध्याला विणार, म्हणजे ऐन उन्हात, बोअर आटल्यावर तीन महिन्यांनी. एचएफ रक्ताला तुमच्याकडचा एप्रिल-मे तसाही सोसत नाही; धाप टाकते, खाणं सोडते, आणि व्याल्यावर तिला ८०-१०० लिटर पाणी लागतं. म्हणून संक्रांतीला पुन्हा मोजणी करा. तोवर पिंजराचा ट्रक येऊन पडलेला असेल आणि टँकरच्या पाण्याची सोय पक्की असेल, तर ठेवा. नसेल तर त्याच आठवड्यात नदीकाठच्या एखाद्या गोठेवाल्याला विका. तेव्हा ती साडेसहा महिन्यांची गाभण असेल. पोट दिसतं, भाव येतो आणि प्रवासही झेपतो. मार्चमध्ये, आठ महिने उलटल्यावर गाडीत घातलेली गाय वाटेतच गाभडण्याची भीती. तिच्या दुधाचा मोह मधे येऊ देऊ नका. फेब्रुवारीत तिला तशीही आटवायची आहे.

गाभण म्हैसही एप्रिलमध्येच विणार. तिला शेवटचे दोन महिने रोज दीड-दोन किलो पेंड लागेल, ती आत्ताच हिशेबात धरा. पावसाळ्याच्या तोंडाला ताजी व्यालेली म्हैस कोणाच्याच दावणीला नसते आणि तेव्हा तिचा भाव तुम्ही सांगाल तो असतो. म्हणून ती विकायची नाही, हे माझं स्पष्ट मत.

दुभत्या म्हशीचं वेगळंच. लोक तिच्या दुधाकडं बघतात, मी तिच्या माजाकडं बघतो. म्हशी थंडीत माजावर येतात. नोव्हेंबर ते जानेवारीत ती धरली नाही तर उन्हात माज मुका होतो, दिसतच नाही, आणि पुढच्या वर्षी तुमच्याकडं वैरण असेल पण दूध नसेल. या तीन महिन्यांत तिला पेंड कमी करू नका. दर दोन लिटर दुधामागं एक किलो, शिवाय अंगासाठी एक किलो. पहाटे आणि रात्री उशिरा तिच्याकडं एक नजर टाका, म्हशीचा माज दिवसा कळत नाही.

सरकारी मदतीबद्दल: दुष्काळ जाहीर झाला की कर्नाटकात गोशाळा आणि मेवू बँका उघडतात, महाराष्ट्रात छावण्या. पण त्या उघडतात बहुधा उन्हाळा तोंडावर आल्यावर. पलीकडच्या छावणीत तिथल्या गावांच्या जनावरांची नोंद होते, आपल्या नाही. आपल्या बाजूच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव आणि बिल्ल्यांचे आकडे आत्ताच देऊन ठेवा. चारा मिळाला तर तो तुमच्या १,६०० किलोत वरकड धरा, त्यावर बेत आखू नका.

आणि जूनमध्ये पहिली सर पडली की लगेच जनावरं बाहेर काढू नका. चार बोटं हिरव्यासाठी अशक्त म्हैस दिवसभर चालते, मिळतं त्याहून जास्त खर्च करते, वर पोट फुगतं. पहिले पंधरा दिवस सकाळी कोरडी वैरण घालूनच, तास-दोन तास सोडा, मग वेळ वाढवत न्या. शेळ्यांना मेअखेर आंत्रविषाराची लस टोचून घ्या. कोवळ्या गवतावर तुटून पडलेल्या शेळ्या या रोगानं एका रात्रीत जातात, आणि लस पाऊस पडल्यावर टोचली तर तोवर उशीर झालेला असतो.